वरिष्ठांना मेसेज पाठवताना इमोजी टाकायचा की नाही, हे कसं ठरवावं

शुक्रवार, संध्याकाळचे 6:40. माझ्या टीममध्ये रुजू होऊन 2 महिने झालेल्या एका मुलीनं आमच्या विभागप्रमुख मॅडमना मेसेज टाकला:

"मॅडम, रिपोर्टला थोडा उशीर होईल 😅"

पाच मिनिटांत मॅडमचा मला फोन. "ही हसतेय का? सोमवारी 9 वाजता हा रिपोर्ट मला क्लायंटसमोर ठेवायचाय."

ती मुलगी हसत नव्हती. आकडे जुळत नव्हते म्हणून ती दुपारपासून त्याच एका तक्त्यात अडकली होती, चांगलीच घाबरली होती. 😅 हा तिच्या लेखी ओशाळेपणा होता. मित्रमैत्रिणींच्या ग्रुपवर सगळे तो त्याच अर्थानं वापरतात. संगणकावरच्या अक्षरांना आणि इमोजींना नावं देणाऱ्या युनिकोड या मानकात या चिन्हाचं मूळ नावच "उघड्या तोंडानं हसणारा, गार घाम फुटलेला चेहरा" असं आहे. हसू आणि घाम दोन्ही त्यात आहेत. तिनं घाम पाठवला, मॅडमना हसू पोचलं.

गेली काही वर्षं नव्यानं रुजू होणाऱ्यांना कामाला लावायचं काम माझ्याकडे आहे, आणि "वरिष्ठांना इमोजी पाठवलेला चालतो का?" हा प्रश्न मला दर बॅचमध्ये विचारला जातो. 'चालतो' किंवा 'चालत नाही' असं एका शब्दात मी उत्तर देत नाही, कारण तेवढ्यानं उद्याचा मेसेज कसा लिहायचा ते कळत नाही. मी त्यांना एकच गोष्ट तपासायला सांगतो: इमोजी ज्या जागी बसलाय, तिथं एखादं वाक्य यायला हवं होतं का? वरच्या मेसेजमध्ये एक नाही, तीन वाक्यं यायला हवी होती. तिथूनच सुरुवात करू.

पहिली पायरी: आधी इमोजीशिवाय पूर्ण मेसेज लिहा

वरचा मेसेज घ्या आणि 😅 काढून टाका. उरतं काय? "रिपोर्टला थोडा उशीर होईल." थोडा म्हणजे किती, ते नाही. का, ते नाही. सोमवारचं काय, तेही नाही. मॅडमना हसू खटकलं खरं, पण त्या वैतागल्या त्या या तीन रिकाम्या जागांमुळे. आणि इमोजीमुळेच त्या जागा लिहिणाऱ्याला दिसल्या नाहीत. चेहरा टाकला की आपल्याला वाटतं, आपण माफी मागितली, परिस्थिती सांगितली, समजूतही काढली. प्रत्यक्षात आपण काहीच सांगितलेलं नसतं.

त्या संध्याकाळी मी तिला शेजारी बसवून तोच मेसेज पुन्हा लिहायला लावला. तो असा झाला:

"मॅडम, रिपोर्ट आज 7 ऐवजी उद्या दुपारी 12 पर्यंत देते. तिसऱ्या तक्त्यातली बेरीज मूळ नोंदींशी जुळत नाहीये, ती तपासते आहे. बाकी चार तक्ते तयार आहेत, ते आत्ता पाठवते. सोमवारच्या मीटिंगला अडचण येणार नाही. उशिराबद्दल माफ करा."

यात आता 😅 घालून बघा. कुठंच बसत नाही, आणि बसवायची गरजही वाटत नाही. ही तपासणी मला सगळ्यात भरवशाची वाटते. मेसेज पूर्ण झाल्यावरही इमोजी हवासा वाटला, तर तो बहुधा योग्य जागी असतो. मेसेज अर्धवट असताना हवासा वाटला, तर तो भोक बुजवायला आलेला असतो.

आणखी एक गोष्ट नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. तुमचा मेसेज वरिष्ठांपाशी थांबत नाही. "उशीर का होतोय?" असं मॅडमना त्यांच्या वरच्यांनी विचारलं, तर त्या तुमचं वाक्य उचलून तसंच्या तसं पुढं पाठवतात किंवा स्क्रीनशॉट देतात. दुसरा मेसेज तसा पाठवता आला, आणि त्यांनी तो पाठवलाही. पहिला पाठवता आला नसता. म्हणून लिहून झाल्यावर स्वतःला विचारा: हे वाक्य माझ्या साहेबांच्या साहेबांनी वाचलं तर चालेल का?

दुसरी पायरी: दोन आठवडे नुसतं वाचा

रुजू झाल्यावर पहिले दोन आठवडे वरिष्ठांना एकही इमोजी पाठवू नका, पण त्यांचे मेसेज बारकाईनं वाचा. काय बघायचं?

साहेब स्वतः इमोजी वापरतात का, हे तर सगळेच बघतात. त्यापेक्षा कुणाला लिहिताना वापरतात, ते बघा. बरोबरीच्यांना ते 😂 पाठवत असतील आणि टीमच्या ग्रुपवर कोरडं लिहीत असतील, तर तुमच्यासाठी नमुना टीमच्या ग्रुपचा. दोघांची वीस वर्षांची ओळख असेल. ती मोकळीक तुम्हाला आपोआप मिळत नाही.

मग तुमच्यापेक्षा वर्ष-दोन वर्षं आधी लागलेले लोक त्याच साहेबांना कसं लिहितात, ते बघा. तुमच्या जागेवरून तेच सगळ्यात जवळचं उदाहरण. आणि माध्यम बघा. त्याच मॅडम चॅटवर 👍 टाकतात, पण ईमेलमध्ये "सस्नेह" आणि खाली पूर्ण नाव. म्हणजे त्यांच्या डोक्यात ईमेल हा कागद आहे आणि चॅट हे बोलणं आहे. तुम्हीही तसंच धरा.

साहेब तुम्हालाच थेट इमोजी पाठवायला लागले की तुम्हीही वापरू शकता, पण त्यांच्यापेक्षा एक पायरी खाली राहून. त्यांनी दोन टाकले तर तुम्ही एक. त्यांनी 😂 टाकला तर तुमचा 🙂 पुरे. मोकळेपणा आधी वरून यावा आणि आपण त्याच्या मागून जावं, हे मी स्वतः वीस वर्षं पाळलं आणि कधी पस्तावलो नाही.

पहिल्याच ईमेलबद्दल वेगळं सांगायला हवं. ज्या वरिष्ठांशी तुमची अजून भेटही झालेली नाही, त्यांना पाठवलेल्या पहिल्या ईमेलमध्ये स्मायली नको. यावर 2017 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. कामाच्या ईमेलमध्ये स्मायली टाकणाऱ्या अनोळखी माणसाबद्दल वाचणाऱ्यांचं मत काय होतं, ते त्यात तपासलं होतं. समोरासमोर हसलं की माणूस प्रेमळही वाटतो आणि कामाचाही वाटतो. स्मायलीनं मात्र प्रेमळपणा वाढला नाही, उलट माणूस कामात कमी वाटला, आणि त्यामुळे त्याला माहिती देतानाही वाचणाऱ्यांनी हात आखडता घेतला. त्याच अभ्यासात असंही दिसलं की वातावरण अनौपचारिक असेल तर हा तोटा बराच कमी होतो. म्हणजे हा नियम पहिल्या, औपचारिक ओळखीपुरता. जन्मभराचा नाही.

तिसरी पायरी: मेसेज कशाबद्दल आहे ते बघा

आभार आणि अभिनंदन यात फारसं अडखळायचं कारण नाही. टीमचं काम पार पडलं आणि ग्रुपवर सगळे 🎉 टाकतायत, तर तुम्हीही टाका. मॅडमनी वेळ काढून काही समजावलं, तर "धन्यवाद मॅडम, आता सूत्र नीट कळलं 🙂" यात वावगं काही नाही. इथं कशाबद्दल धन्यवाद ते शब्दांत आलेलं आहे, इमोजी फक्त सोबतीला आहे.

कामाची स्थिती कळवताना ✅ सारखी चिन्हं तर उपयोगीच पडतात. पाच कामांच्या यादीत तीनपुढं ✅ असेल, तर साहेबांना एका नजरेत कळतं. हे चेहरे नाहीत, खुणा आहेत. उरलेल्या दोनपुढं मात्र कधी होणार ते लिहा.

अडचण येते ती चूक, उशीर, नकार आणि विनंती यांत. नेमकं तिथंच इमोजी टाकायचा मोह सगळ्यात जास्त होतो, कारण तिथं आपल्याला भीती वाटत असते. चूक कळवणाऱ्या मेसेजमध्ये 😅, 🙈, 🙃 यांतलं काहीही नको. ज्याच्या डोक्यावर त्या चुकीचा भार येणार आहे, त्याला कुठलाही हसरा चेहरा 'याला काही वाटत नाहीये' असाच दिसतो. रडका चेहराही नको, कारण मग आपल्याला समजवायचं कामही साहेबांवर येतं.

विनंतीतला 🙏 थोडा नाजूक आहे. तो आपल्या वाचकाला एकाच वेळी नमस्कार, आभार, माफी आणि गयावया असा चार प्रकारे दिसू शकतो. "सर, आज वेळ मिळाला तर फाइल बघाल का? 🙏" इथं तो नम्रपणा वाटतो. "सर प्लीज बघा ना 🙏🙏🙏" इथं तो तगादा होतो. माझं मत असं की विनंतीत 🙏 एकदाच, आणि तोही किती वाजेपर्यंत उत्तर हवंय हे लिहिलं असेल तरच. "सर, ही फाइल मला 4 वाजता पुढं पाठवायची आहे. त्याआधी दुसरं पान बघाल का?" एवढं लिहिलं, की 🙏 नसला तरी विनंती उद्धट वाटत नाही. साहेबांना गैरसोय होते ती वेळ न कळल्यानं.

😉, 😘, 😏 आणि हृदयं वरिष्ठांना पाठवूच नका. लिहिणाऱ्याच्या मनात काहीही नसलं, तरी वाचणाऱ्याला सलगी वाटू शकते, आणि तो गैरसमज पुढं निस्तरणं दोघांनाही अवघड जातं.

चौथी पायरी: 👍 कधी पुरतो आणि कधी नाही

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण वरिष्ठांशी रोजचं निम्मं बोलणं या एका अंगठ्यावर चालतं.

👍 चे तीन अर्थ होतात: वाचलं, पटलं, करतो. पाठवणाऱ्याला त्यातला एकच अभिप्रेत असतो आणि वाचणारा आपल्या सोयीचा घेतो. हा घोळ कोर्टापर्यंतही गेलेला आहे. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात 2021 मध्ये एका धान्य खरेदीदारानं जवसाच्या सौद्याच्या कराराचा फोटो एका शेतकऱ्याला मोबाइलवर पाठवला आणि दुजोरा मागितला. शेतकऱ्यानं 👍 पाठवला. माल काही आला नाही. शेतकऱ्याचं म्हणणं, 'करार मिळाला' एवढंच मला सांगायचं होतं. 2023 मध्ये न्यायालयानं तो अंगठा होकार धरला आणि 82 हजार कॅनेडियन डॉलरपेक्षा जास्त भरपाई द्यायला लावली. एक मोठं कारण असं, की आधीच्या सौद्यांनाही त्यानं अशाच एखाद-दुसऱ्या शब्दात होकार दिला होता आणि ते सौदे पुरे केले होते.

ऑफिसातही तसंच होतं. साहेबांनी "गुरुवारपर्यंत तिन्ही शाखांचे आकडे मिळतील ना?" असं विचारलं आणि तुम्ही 👍 दाबला, तर साहेबांच्या वहीत गुरुवार लिहिला गेला. तुम्हाला 'बघतो' म्हणायचं होतं, हे नंतर सांगून उपयोग नाही.

म्हणून मी एक सोपी खूण देतो. वरिष्ठांच्या मेसेजमध्ये प्रश्नचिन्ह, तारीख, रक्कम किंवा निर्णय यांपैकी काही असेल, तर उत्तर शब्दांत द्या आणि ती तारीख किंवा रक्कम उत्तरात पुन्हा लिहा: "हो सर, दोन शाखांचे गुरुवारपर्यंत देतो. तिसरीचे त्यांच्याकडून शुक्रवारी येतात, म्हणून ते शुक्रवारी 2 पर्यंत." यातलं काहीच नसेल, उदाहरणार्थ "उद्याची मीटिंग दुसऱ्या हॉलमध्ये आहे" अशी सगळ्यांसाठीची सूचना असेल, तर मेसेजवर 👍 ची रिअ‍ॅक्शन हेच उत्तम उत्तर. चाळीस जणांनी "ओके सर" लिहिलं, तर ती सूचना वर कुठंतरी हरवते.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. "सर, 14 आणि 15 तारखेला रजा हवी आहे" याला साहेबांनी 👍 दिला. रजा मंजूर झाली का? बहुतेक झाली असेल, पण 'बघितलं, नंतर सांगतो' असंही असू शकतं. इथं गप्प बसू नका. "धन्यवाद सर. मग 14 आणि 15 ची रजा मंजूर धरून सिस्टीममध्ये अर्ज टाकतो." एवढं लिहिलं की गैरसमज असेल तर त्याच वेळी दुरुस्त होतो, आणि नसेल तर नोंद राहते.

नुसता 👍 आला म्हणजे साहेब चिडले, असंही समजू नका. तुमच्या वयाच्या बऱ्याच मुलांना तो तुटक वाटतो. एकानं तर मला विचारलं होतं, "मी एवढा मोठा मेसेज लिहिला आणि सरांनी फक्त अंगठा दिला, काही चुकलं का?" काही चुकलं नव्हतं. सर एका मीटिंगमधून दुसऱ्या मीटिंगला निघाले होते, आणि त्यांच्या पिढीत त्या अंगठ्याचा अर्थ सरळ 'छान, चालू दे' असाच आहे.

पाचवी पायरी: समोरच्याला काय दिसतंय याचा विचार करा

पिढीचा हा फरक आणखी काही चेहऱ्यांत आहे. 🙂 वयानं मोठ्या माणसांना साधं हसू वाटतं, पण अनेक तरुण त्यात टोमणा वाचतात. म्हणून मॅडमनी "ठीक आहे 🙂" लिहिलं तर ते ठीकच आहे असं धरा. 😭 आणि 💀 तुम्ही 'हसून मेलो' या अर्थानं वापरता. वरिष्ठांना रडणं आणि कवटी दिसते. तिथं कुणी तुमच्या विनोदाचा अर्थ लावत बसणार नाही.

दिसण्यातही फरक असतो. युनिकोड इमोजीचा फक्त क्रमांक आणि नाव ठरवतं. चित्र प्रत्येक कंपनी आपापलं काढते. तुमच्या फोनवरचा चेहरा साहेबांच्या लॅपटॉपवर थोडा वेगळा दिसतो, छोट्या अक्षरात तर 😅 आणि 😂 पटकन ओळखूही येत नाहीत. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये लोकांना तेच ते चित्र दाखवून ते चांगल्या भावनेचं आहे की वाईट, असं विचारलं होतं. अगदी एकसारखं चित्र बघूनही साधारण चारात एकदा लोकांचं एकमत झालं नाही.

ईमेलमधली एक जुनी गंमतही माहीत असू द्या. आउटलुकच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये `:)` टाइप केलं की कित्येकदा त्याचा हसरा चेहरा होतो, पण तो अक्षरांच्या जागी चित्रं असलेल्या विंगडिंग्ज फॉन्टमधला असतो, आणि दुसऱ्या ईमेल प्रोग्रॅममध्ये तोच चेहरा नुसतं `J` अक्षर म्हणून दिसतो. वाक्याच्या शेवटी सुटा `J` बघून बऱ्याच वरिष्ठांना ती टायपिंगची चूक वाटलेली आहे. ईमेलमध्ये स्मायली टाळायला एवढं एक कारणही पुरेसं आहे.

आणि ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसतं, ते सहकारी मेसेज ऐकतात. स्क्रीन रीडर प्रत्येक इमोजीचं नाव मोठ्यानं वाचतो. तुम्ही ओळीनं चार टाकले, तर चार नावं ऐकून झाल्यावर त्यांना पुढचं वाक्य मिळतं. इमोजी एकच, आणि तो वाक्याच्या शेवटी टाकायची सवय त्यांच्यासाठीही लावून घ्या.

चुकून गेलाच तर

घाईत 😘 गेला, किंवा 😅 नको तिथं पडला. वरिष्ठांनी अजून वाचलं नसेल आणि संपादनाची सोय असेल, तर मेसेज दुरुस्त करा. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यासाठी 15 मिनिटं मिळतात. वाचून झालं असेल तर डिलीट करू नका. 'हा मेसेज डिलीट केला' अशी खूण मागं राहते आणि साधी चूक लपवाछपवीसारखी दिसू लागते.

😘 सारखं असेल तर एका ओळीत सांगा: "माफ करा सर, तो इमोजी चुकून गेला." पुढं खुलासे नकोत. 😅 सारखं असेल तर इमोजीबद्दल काही बोलूच नका. त्यानं जी माहिती खाल्ली, ती लगेच पाठवा.

आमच्या त्या मुलीनं तेच केलं. 6:52 ला तिचा दुसरा, पूर्ण मेसेज गेला, पाठोपाठ चार तक्ते गेले. मॅडमनी 7:05 ला उत्तर दिलं: "ठीक. तिसऱ्या तक्त्याच्या मूळ नोंदी मलाही पाठव." शनिवारी 11:30 ला रिपोर्ट पोचला. त्याखाली मॅडमनी लिहिलं, "मिळाला. चांगला झालाय 👍", आणि मुलीनं मला विचारलं की आता यावर 🙂 पाठवू का. मी म्हटलं, पाठव.